व्हिटॅमिन डी: आठवड्याची ६०,००० ची पुडी की रोजचे थेंब? सासूबाईंसाठी काय निवडावं?

अनघा_गुहागर
नमस्कार मंडळी. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून मांड्या आणि कंबर दुखते, जमिनीवर बसल्या की उठताना आधार लागतो. तपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे लिहून दिली आहे.

आता घरात दोन मतं पडली आहेत. मुंबईच्या नणंदेचं म्हणणं, एवढा मोठा डोस एकदम नको, रोज थोडं थोडं दिलं तर अंगी लागतं. आमच्या चार महिन्यांच्या बाळाला डीचे थेंब चालू आहेत, तेच आईंनाही थोडे जास्त द्यावेत असं ती सुचवते. आईंना स्वतःला पुडी पसंत आहे, कारण आठवड्यातून एकदाच घ्यायची. दोन्हींत खरा फरक काय आणि निवडायचं कशावरून? ज्यांनी वापरलं आहे त्यांनी सांगा.

माडबन
कोकणात व्हिटॅमिन डी कमी? बारा महिने ऊन आणि ताटात बांगडा! पुडीही नको, थेंबही नकोत. सकाळी सातला पुळणीवर अर्धा तास चालायला न्या.

सुरंगी
आमच्या आयेक पण ह्याच दिल्यानी. दर आयतवारी दुपारच्या जेवणाबरोबर घेता, इसरणा नाय.

चिपळूणकर_फिजिशियन
माडबन, पुळणीवर जरूर न्या, पण सातच्या उन्हात डी जवळजवळ तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा, म्हणजे साधारण दहा ते तीन. त्या वेळी आपल्याकडची सत्तरीची बाई घरात असते, बाहेर पडली तरी अंगभर साडी आणि डोक्यावर पदर. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि वय वाढलं की कातडीची डी बनवण्याची ताकदच घटते. त्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. म्हणून समुद्रकाठी राहूनही ११ येतं. बांगडा आणि तारलीत डी असतं हे खरं, पण ११ वरून वर यायला ते पुरत नाही.

अनघाताई, दोन गोष्टी कळवा. आईंना दुसरी कुठली औषधं चालू आहेत? आणि कॅल्शियम, क्रिएटिनिन तपासलं आहे का?

खाडीकाठचा_बाबू
डीची पुडी म्हणजे निव्वळ पैसे वाया. शरीर एका वेळी ठरावीकच घेतं, बाकीचं लघवीवाटे जातं. म्हणून रोज थोडं घेणंच शहाणपणाचं. नणंदबाई बरोबर सांगताहेत.

गोळीपेटी
बाबूशेठ, लघवीवाटे जातं ते बी आणि सी. डी चरबीत विरघळतं, चरबीत साठतं आणि तिथून सावकाश वापरलं जातं. म्हणूनच आठवड्यातून एकदा दिलेलं चालतं. मी कुडाळला औषधांच्या दुकानात बसतो, पुड्या आणि थेंब दोन्ही रोज हातून जातात, म्हणून हिशेब मांडतो.

६०,००० ला सातने भागा. दिवसाला साधारण साडेआठ हजार युनिट पडतात. बाळाच्या थेंबांच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलीत ४०० युनिट असतात. म्हणजे एका पुडीएवढं डी द्यायला त्या थेंबांचे दीडशे मिली, ३० मिलीच्या पाच बाटल्या. आठ पुड्यांना चाळीस बाटल्या! आईंना बाळाइतका एक मिली दिलात तर आठ पुड्यांएवढं डी पोटात जायला तीन वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा बाळाची बाटली आईंसाठी नाही, हा प्रश्न इथेच मिटवा. रोज थोडं द्यायचं असेल तर मोठ्यांसाठी १,००० किंवा २,००० च्या गोळ्या मिळतात, मोठ्यांचे थेंबही मिळतात.

अनघा_गुहागर
हा हिशेब नणंदेला जसाच्या तसा पाठवला. डॉक्टरसाहेब, आईंना रक्तदाबाची गोळी आहे, पाकिटावर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन लिहिलं आहे. थायरॉइडची एक. कॅल्शियमची तपासणी झालेली नाही, फक्त डी आणि बी१२.

जांभा
बी१२ चा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझं १४० आलं आहे, त्याची इंजेक्शनं बरी की जिभेखालच्या गोळ्या? केसही गळतात.

गोळीपेटी
जांभाभाऊ, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. इथे मिसळलं तर कुणीतरी बी१२ चा डोस डीला लावेल.

चिपळूणकर_फिजिशियन
अनघाताई, क्लोरथॅलिडोन म्हणून थांबायचं नाही, पण आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करून घ्या. ही लघवीची गोळी मूत्रातून जाणारं कॅल्शियम अडवते. वरून डीचा मोठा डोस आणि कुणी सुचवलेली कॅल्शियमची गोळी अशी तिहेरी भर पडली, तर एखाद्याचं रक्तातलं कॅल्शियम चढतं. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होणार आहे तो आधी ओळखायला ही साधी तपासणी पुरते. पॅराथायरॉइडचा दोष असेल, मूतखडे वारंवार होत असतील, किडनी कमजोर असेल किंवा टीबी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी फोडूच नये.

आता मूळ प्रश्न. रक्तात आपण जे मोजतो ते यकृतात तयार झालेलं डीचं रूप. ते निम्मं व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे रोज साडेआठ हजार घ्या किंवा आठवड्याला ६०,०००, दोन महिन्यांनी आकडा जवळपास तिथेच येतो. फरक पडतो तो किती दिलं याने. नणंदबाई रोज ४०० देणार असतील तर ते पुडीच्या विसाव्या भागाएवढंही नाही, आणि ११ असताना त्याने वर यायला फार उशीर होईल. रोजचे २,००० दिले तरी आकडा चढतो, फक्त सावकाश. मांड्यांत ताकद नाही, उठता येत नाही अशा बाईला मी इतकं थांबवत नाही. आधी खड्डा भरायचा आणि मग पातळी टिकवायची, ही दोन वेगळी कामं आहेत.

रात्रपाळी
मी सिस्टर आहे, रत्नागिरीकडे. पुडी वाईट नाही, पण तिचा खरा धोका कुठे असतो ते एका पेशंटवरून सांगते.

निवृत्त शिक्षक, पासष्टीच्या पुढचे. चिठ्ठीवर सात औषधं, त्यातली सहा रोजची आणि सातवी डीची पुडी, आठवड्यातून एकदा. घरी सगळी औषधं एकाच डब्यात ठेवली आणि पुडीही रोज सकाळी दुधातून सुरू झाली. संपली की दुकानातून नवा बॉक्स. दुकानात कुणी विचारलं नाही, घरच्यांनाही शंका आली नाही, कारण पावडर म्हणजे ताकदीचं औषध असाच समज. अडीच महिने असं चाललं.

आधी जेवण जाईना. मग बद्धकोष्ठ, मळमळ, उलट्या. घरच्यांनी पित्त समजून आमसुलाचं सार आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. तहान खूप लागायची, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे, तर साखर तपासली, ती चांगली होती. नंतर बोलणं भरकटायला लागलं, घरातल्यांची नावं चुकवू लागले, तेव्हा दाखल केलं. कॅल्शियम १४ च्या वर, क्रिएटिनिन २.८. डी तर मशीनच्या मापाबाहेर, नुसतं "१५० पेक्षा जास्त" असं छापून आलं. सगळ्या औषधांचे रिकामे बॉक्स मागवले तेव्हा उलगडा झाला.

सलाइन, औषधं, रोज कॅल्शियम. आठवड्याभरात माणूस बोलायला लागला, पण चरबीत साठलेलं डी हळूहळू बाहेर येत राहतं, त्यामुळे पुढे दोन-तीन महिने तपासण्या चालूच होत्या. किडनी बऱ्यापैकी सुधारली, पूर्ववत झाली नाही.

सुरंगी
बापरे. आयेच्या पुड्ये आताच रोजच्या डब्यातसून भायर काढलंय.

खाडीकाठचा_बाबू
मग मी म्हणतो ते वेगळं काय? थेंब असते तर हे झालंच नसतं.

गोळीपेटी
थेंबांतही होतं बाबूशेठ, आणि तिथे बाळ असतं. बाळाला रोज ४०० युनिट पुरतात. पण बाजारात एका मिलीत ४०० वाल्या बाटल्या आहेत आणि ८०० वाल्याही. काहींत तर एका थेंबात ४०० असतात. आधीची बाटली संपली, दुसऱ्या कंपनीची घेतली आणि हाताच्या सवयीने एक मिली दिला, की मोजमाप बदललं. थेंबात ४०० वाल्या बाटलीतून एक मिली गेला तर वीस-तीस दिवसांचा डोस एका दमात गेला.

त्याहून भीती वाटते ती मोठ्यांच्या पातळ औषधाची. पुडीऐवजी ५ मिलीची इवलीशी बाटली मिळते, अख्खी एकदम प्यायची, तिच्यात ६०,००० असतात. म्हणजे मिलीला १२,०००. दिसायला ती बाळाच्या औषधासारखीच. अनघाताईंकडे आजी आणि नात दोघींना डी चालू आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. दोन्ही एका फडताळात ठेवू नका. बाळाच्या बाटलीवर मिलीला किती ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, तिचाच ड्रॉपर वापरा, आणि नवी बाटली आणलीत की ती ओळ पुन्हा वाचा.

अनघा_गुहागर
आत्ताच पाहिलं. बाळाच्या बाटलीवर मिलीला ८०० आहे आणि आम्ही अर्धा मिली देतो, म्हणजे बरोबर आहे. पण घरात हे फक्त मला माहीत होतं, बाळाच्या बाबांना नाही. चिठ्ठी चिकटवली.

देवगडचा_दादा
आमचे वडील ७६ वर्षांचे, गावी एकटे राहतात. रोजची गोळी म्हटली की आठवड्यातून चार दिवस चुकते. उलट मी महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो तेव्हा जेवणावर पुडी माझ्या हाताने देतो. महिन्याला ६०,००० म्हणजे दिवसाला २,००० पडले. वर्षाने २९ आलं. त्यांच्यासाठी रोजचे थेंब कागदावरच राहिले असते. तेव्हा पुडी फक्त सुरुवातीला आणि पुढे रोजचंच, असा नियम सगळ्यांना लावू नका.

चिपळूणकर_फिजिशियन
दादा, जे औषध पोटात जातं तेच उपयोगाचं, हे मान्य. पण सत्तरीनंतर महिनोन्महिने मोठे डोस चालू ठेवायला मी कचरतो, त्याचं कारण सांगतो. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं होतं, २०१० साली निकाल आला. पडणं आणि हाडं मोडणं कमी होईल ही अपेक्षा होती, दोन्ही वाढली. २०१६ मध्ये झुरिकचा अभ्यास आला. सत्तरीच्या पुढचे, आधी पडलेले लोक. महिन्याला ६०,००० घेणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण महिन्याला २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. असं का होतं याचं पक्कं उत्तर अजून नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली जी सूचना काढली तीही हीच, की पन्नाशीनंतर डी द्यायचंच असेल तर अधूनमधून मोठा डोस देण्यापेक्षा रोजचा लहान बरा.

तुमच्या वडिलांचं लगेच बंद करा असं मी म्हणत नाही. ते कधी पडले आहेत का, एवढं मात्र पाहा.

देवगडचा_दादा
गेल्या वर्षी अंगणात एकदा घसरले होते, पावसात, चिऱ्यांवर शेवाळ होतं. ते पुडीमुळे म्हणणं मला पटत नाही. पण शेजारची वहिनी रोज डबा देते, तिच्या हाती गोळी देता येईल का ते बघतो.

माडबन
एक समजत नाही. कमी डोसाचा, जास्त डोसाचा असे सगळे अभ्यास आहेत तर मग आम्ही ठणठणीत माणसांनी घ्यायचं की नाही? बायको म्हणते सगळ्यांनीच महिन्याला एक पुडी घ्यावी.

चिपळूणकर_फिजिशियन
ठणठणीत असाल तर गरज नाही असं माझं मत. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना रोज २,००० देऊन पाहिलं, २०२२ साली छापून आलं. आधी कमतरता आहे का हे न बघता घेतलेले लोक होते ते. हाडं मोडायचं प्रमाण कमी झालं नाही. अनघाताईंच्या सासूबाईंची गोष्ट वेगळी, त्यांना ११ आहे आणि त्रासही आहे. माझ्या ओळखीचे काही डॉक्टर मात्र आपल्याकडे कमतरता इतकी आहे की सरसकट द्यावं असं मानतात. यावर आमच्यात एकमत नाही.

सुरंगी
पुडी उपाशीपोटी चलता काय? आयेचो सोमवार असता.

गोळीपेटी
उपासाच्या दिवशी नको. डीला जेवणातली थोडी चरबी लागते, तर ज्या दिवशी पोटभर जेवण असेल तोच वार धरा. पूर्ण दुधात घातली आणि जेवणाबरोबर घेतली की झालं. एखादा वार चुकला तर आठवेल त्या दिवशी एक घ्या आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीसारखी. एका दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दोन-चार दिवस मागेपुढे झाल्याने रक्तातल्या आकड्याला फरक पडत नाही.

अनघा_गुहागर
काल पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आलो. कॅल्शियम ९.४, क्रिएटिनिन ०.९, दोन्ही ठीक. असं ठरलं: गुरुवारी पुडी, आठ गुरुवार. आठही तारखांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला आहे आणि पुडी घेतली की रिकामं पाकीट त्याच गोलावर टाचणीने लावायचं, म्हणजे दुसऱ्यांदा कुणी देणार नाही. आठच पुड्या आणल्या, जास्त नाहीत. त्यानंतर १,००० ची गोळी रोज, आईंच्या रक्तदाबाच्या डब्यात. त्या गोळ्या त्या कधी चुकवत नाहीत, म्हणून आमच्याकडे रोजचं जमेल. कॅल्शियमची वेगळी गोळी दिली नाही, ताक, नाचणी आणि मासे आहेत म्हणाले. चौथ्या पुडीनंतर कॅल्शियम एकदा पुन्हा पाहायचं, क्लोरथॅलिडोनमुळे.

नणंदेने हिशेब वाचून फोन केला, ती आता मोठ्यांच्या गोळ्या पाठवते आहे. एक शंका राहिली. डीची तपासणी पुन्हा कधी करायची? पुड्यांपेक्षा तपासणीच कितीतरी महाग आहे.

चिपळूणकर_फिजिशियन
चांगलं ठरवलंत. शेवटच्या पुडीनंतर लगेच तपासू नका, तेव्हा आकडा चढाच असतो. रोजची गोळी सुरू होऊन तीन महिने झाले की एकदा करा, म्हणजे १,००० पुरतात की नाही ते कळेल. वीसच्या वर असेल आणि आई जमिनीवरून आधाराशिवाय उठत असतील तर मी पुढे वरचेवर तपासत नाही. मधल्या काळात मळमळ, बद्धकोष्ठ, जास्त तहान असं काही आलं तर मात्र डी नंतर, कॅल्शियम आधी.

रात्रपाळी
आणि नंतर दुसऱ्या लॅबमध्ये केलंत तर आकड्यासमोरचं माप वाचा. काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये देतात, तो आकडा अडीच पट मोठा दिसतो. आमच्याकडे ५० आलं म्हणून औषध बंद केलेल्या एक आजी आल्या होत्या, ते ५० म्हणजे आपले २०.

खाडीकाठचा_बाबू
बरं, लघवीवाटे जातं हे माझं मागे घेतो. पण गोळी डोक्यात ठेवणाऱ्याला गोळी आणि वार डोक्यात ठेवणाऱ्याला पुडी, एवढं तरी मान्य करा.

देवगडचा_दादा
मला मान्य. वहिनी हो म्हणाली, रोज डब्याबरोबर गोळी देईल. दोन महिने बघतो, नाही जमलं तर पुन्हा रविवारची पुडी.

जांभा
बी१२ चा धागा काढला आहे. गोळीपेटी, या तिकडे.